झोपेत चुकलेली पायरी

बुधवार पेठेत माझं कॅमेऱ्यांचं दुकान आहे. फोटो काढायचे नव्हेत, पाळत ठेवायचे. आधी मी रेडिओ दुरुस्त करायचो, मग टीव्ही. आता लोकांना एकमेकांवर नजर ठेवायची हौस आली आहे, म्हणून कॅमेरे विकतो. दुपारी एक ते चार दुकान बंद. तशी पाटी मी लावलेली नाही. ज्याला यायचंय त्याला ठाऊक आहे आणि ज्याला ठाऊक नाही त्याने चारनंतर यावं.

ही दुपारची झोप मी कधी चुकवली नव्हती. दुकानापासून घर चालत जाण्याइतकं जवळ. जेवायचं, पंखा लावायचा, आडवं व्हायचं. बायको होती तेव्हा आम्ही आतल्या खोलीत पलंगावर झोपायचो. दोन वर्षांपूर्वी ती गेली आणि तो पलंग मला फार रुंद व्हायला लागला. तेव्हापासून मी दुपारी आणि रात्री हॉलमधल्या दिवाणावरच झोपतो. दिवाण एकट्या माणसाच्या मापाचा असतो. त्याच्यावर दुसऱ्या कोणाची जागा रिकामी दिसत नाही.

ती गेल्यावर मुलीने हट्ट धरला की घरात कॅमेरा लावा. मुलगी बंगळुरूला असते, तिथेच नोकरी, तिथेच घर. मी म्हटलं, म्हाताऱ्याला बघायचं असेल तर ये आणि बघ. ती म्हणाली, "बाबा, तुमच्याच दुकानातला आहे, तुम्हालाच बसवायचाय, आणि कुरकूर कसली?" गिऱ्हाइकांना मी ज्या तोंडाने सांगतो की आईवडील एकटे असतात तेव्हा हा फार बरा, त्याच तोंडाने नाही म्हणता येईना. लावला. दाराच्या वर, कोपऱ्यात. त्यातून दार दिसतं, दिवाण दिसतो आणि दिवाणावरचा मी दिसतो. बोलायची सोयही आहे त्यात, तिकडून बोललं की इकडे ऐकू येतं. ती सोय तिने वापरू नये असं मी बजावून ठेवलं होतं.

आता मुख्य गोष्ट. डोळा लागतो न लागतो तोच मला आमच्या इमारतीचा जिना दिसायचा. मी खाली उतरत असायचो. शेवटच्या पायरीवर पाय टाकावा तर ती पायरी नसायचीच. पाय खाली जायचा, पोटात खड्डा पडायचा आणि अख्खं अंग ताडकन उडायचं. डोळे उघडावेत तर मी दिवाणावर, पंखा वर फिरतोय आणि छाती धडधडतेय. सगळं क्षणभराचं. पण त्यानंतर झोप कसली येते? मी उठून पाणी प्यायचो आणि दाराकडे बघत बसायचो.

दाराकडे का, तेही सांगतो. दाराला आतून कडी असते. मला वाटायचं की एक दिवस हे अंग असंच उडेल आणि मग काही हलणारच नाही. कडी आतून. दूधवाला बेल वाजवून जाईल. मला मरणाची भीती नव्हती, किंवा होती तरी इतरांना असते तेवढीच. मला भीती वाटायची ती आपण गेल्याचं कोणाला कळणार नाही याची. आयुष्यभर ज्याच्या शेजारी कोणीतरी झोपलेलं होतं, त्याला ही भीती नवीन असते.

फॅमिली डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कार्डिओग्राम काढला, रक्त तपासलं, आणि हृदय चोख आहे म्हणाले. झटक्यांचं मी त्यांना नीट सांगितलंच नाही. छातीत धडधडतं एवढंच सांगितलं. काय सांगणार, मी झोपेत जिन्यावरून पडतो? या वयात कोणाला असलं सांगायला तोंड होत नाही.

मुलीला मात्र सांगायची गरजच पडली नाही. एका दुपारी पायरी चुकली, अंग उडालं, डोळे उघडले, आणि छतातून आवाज आला, "बाबा! बाबा! ऐकू येतंय का? हात हलवा!"

पहिल्या झटक्यातून वाचलो होतो, दुसऱ्यात गेलो असतो. मी उठून कॅमेऱ्याकडे बघून हात हलवला आणि वर चार शब्द सुनावले. तिने तिकडून रडायला सुरुवात केली. तिच्या जेवणाच्या सुट्टीत ती सहज बघत होती आणि तिला मी आचका दिलेला दिसला. त्या दिवशी तिने मागची सगळी चित्रणं काढून बघितली. कॅमेरा हालचाल झाली की खूण करून ठेवतो, तो गुण मीच तिला समजावून दिला होता. तिला खुणा बऱ्याच सापडल्या. मग तिने इंटरनेटवर वाचलं आणि संध्याकाळपर्यंत तिचा निकाल तयार होता.

"बाबा, ही फिट आहे. तुम्ही आता स्कूटर चालवायची नाही. एकटं राहायचं नाही. दुकान कोणाला तरी देऊन टाका आणि इकडे या."

"फिट आल्यावर माणूस उठून तुला बोलतो का?"

"ते मला माहीत नाही. मी महिनाअखेरीस येतेय, मेंदूच्या डॉक्टरांकडे जाऊ. त्यांनी फिट म्हटलं की बॅग भरायची. कबूल?"

मी कबूल म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पण फोन ठेवल्यावर मी पहिल्यांदा खरोखर घाबरलो. दुकान गेलं, स्कूटर गेली, पेठ गेली, तर माझं उरतं काय? बंगळुरूच्या चौदाव्या मजल्यावर बसून मी काय बघू? मुलगी, जावई दोघं सकाळी जातात ते अंधार पडल्यावर येतात. इथे निदान रस्त्यावर शिव्या द्यायला ओळखीची माणसं आहेत.

तेव्हा मी एक शहाणपणा केला. झटके झोप लागतानाच येतात, तर झोपायचंच नाही. म्हणजे कॅमेऱ्यात काही दिसणार नाही. दुपारी घरी जाणं बंद केलं आणि दुकान एक ते चार उघडं ठेवायला लागलो.

आमच्या गल्लीत याचा जो बोभाटा झाला तो सांगून पटणार नाही. दुकानाला आग लागली असती तरी एवढी माणसं बघायला आली नसती. शेजारी एक घड्याळवाला आहे. त्याचे आजोबाही त्याच जागी घड्याळं दुरुस्त करायचे. आमची रेडिओच्या काळापासूनची ओळख. तो डोळ्याचं भिंग कपाळावर सरकवून दारात आला.

"काय हो, घरी कोणी वारलं का?"

"घरी वारायला उरलंय कोण? मीच."

"मग दुपारचं दुकान उघडं कसं?"

"गिऱ्हाईक येतं."

"दुपारी? पुण्यात?" असं म्हणून तो हसत परत गेला.

गिऱ्हाईक अर्थातच येत नव्हतं. मी चहा पीत बसायचो. कोपऱ्यावरचा चहा दोन वाजता, मग तीन वाजता, मग डोळे जड झाले की आणखी एक. संध्याकाळी दुकान बंद करतानाही एक, कारण आता रात्रीचीही भीती वाटायला लागली होती. रात्री दिवाणावर पाठीला उशी लावून बसूनच राहायचो. पेंग यायची, मान कलायची, आणि लगेच अंग उडायचं. पूर्वी एखाद्या दिवशी व्हायचं ते आता रोज व्हायला लागलं, कधी पाठोपाठ दोनदा. बसल्या जागी पायरी चुकते कशी, हे मला कळेना. मी स्वतःशी म्हटलं, झालं, रोग वाढला.

एका दुपारी दुकानातच खुर्चीत डोळा लागला आणि झटका असा बसला की पाय काउंटरला आपटून वरचे दोन डबे खाली आले. आवाज ऐकून घड्याळवाला धावत आला. मी पांढराफटक पडलो होतो. त्याने डबे उचलून ठेवले, पाणी दिलं आणि काय झालं ते विचारलं. मी सांगितलं. मुलीला, डॉक्टरांना जे सांगितलं नव्हतं ते, जिन्यासकट, मी त्याला सांगितलं.

तो म्हणाला, "एवढंच? अहो, हे मलाही होतं. आमच्या घरात रोज सकाळी तक्रार असते, रात्री लाथ मारलीत म्हणून."

त्याने मला धीर द्यायलाच सांगितलं होतं. पण मी मनात म्हटलं, बाबा रे, तुझ्याकडे तक्रार करायला कोणी आहे. मला त्याचा फार हेवा वाटला.

महिनाअखेरीस मुलगी आली. हॉस्पिटल हडपसरच्या बाजूला होतं. रिक्षात ती माझा हात धरून बसली होती, जणू मीच लहान मूल होतो. तिच्या चेहऱ्यावर निकाल लागल्यासारखा भाव होता, आणि रागावून मी बाहेर बघत राहिलो.

मेंदूच्या डॉक्टर माझ्या मुलीच्याच वयाच्या, बोलणं थोडकं. त्यांनी आधी चित्रणं बघितली. मुलीने चार-पाच निवडून आणली होती. मोबाईलवर स्वतःला झोपेत उडताना बघणं फार विचित्र वाटतं. दिवाणावर एक म्हातारा असतो, त्याचा पाय नि हात एकदम ताठरून हलतो आणि तो गोंधळून इकडेतिकडे बघतो. मी इतका एकटा दिसत असेन असं मला वाटलं नव्हतं.

मग प्रश्न. जीभ चावली जाते का? कपडे ओले होतात का? झटक्यानंतर आपण कुठे आहोत ते कळतं का, की बराच वेळ भ्रमिष्टासारखं होतं? जागेपणी असं होतं का, सकाळी हातातला कप उडतो का? मी सगळ्याला नाही म्हटलं. आपण कुठे आहोत ते मला लगेच कळायचं, तेच तर दुःख होतं. मग त्यांनी हातोडीने गुडघे ठोकून बघितले, चालायला लावलं, कुठल्या गोळ्या घेतो ते विचारलं आणि शेवटी म्हणाल्या, "शेजारी कोण झोपतं? झोपेतलं रुग्णाला स्वतःला सांगता येत नाही. शेजारच्या माणसाची साक्ष आम्हाला फार उपयोगी पडते."

"कोणी नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "पूर्वी कधी असं होत होतं?"

"कधीच नाही. बायको असताना एकदाही नाही. हे सगळं आत्ताचं."

मग मुलगी हळूच म्हणाली, "होत होतं, बाबा."

मी तिच्याकडे बघितलं.

"मी लहानपणी तुमच्या दोघांच्या मध्ये झोपायचे ना? तुमचा डोळा लागला की तुम्ही असेच उडायचात, कधी 'पायरी' असं पुटपुटायचात. मी दचकायचे. आई म्हणायची, काही नाही, बाबा जिना उतरले. मग ती माझ्यावरून हात लांब करून तुमच्या छातीवर ठेवायची आणि म्हणायची, काही नाही, झोपा. तुम्ही डोळेपण उघडायचा नाहीत. तसेच घोरायला लागायचात." ती थांबली. "मी हे पार विसरले होते. आत्ता यांनी विचारलं तेव्हा आठवलं."

इतकी वर्षं एक हात माझ्या छातीवर येत होता आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. सकाळी उठून बायको त्याबद्दल कधी बोलली नाही. तिच्या लेखी ती सांगण्यासारखी गोष्टच नसणार.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते मला अजून लक्षात आहे, कारण तो माझ्याच धंद्यातला, चुकलेल्या सिग्नलचा मामला निघाला. जागेपण एकदम बंद होत नाही, म्हणाल्या. मेंदूतला जागं ठेवणारा भाग हळूहळू मागे हटतो, झोपवणारा भाग पुढे येतो, आणि स्नायू सैल पडत जातात. या अदलाबदलीत कधीकधी मेंदूच्या बुंध्यातून एक चुकार इशारा खाली स्नायूंना जातो आणि ते एकदम आखडतात. तोच झटका. त्याच वेळी मन अर्धवट स्वप्नात असतं. अंग का उडालं, याला ते बहुधा घाईघाईने गोष्ट जोडतं. कोणी खड्ड्यात पडतं, कोणी ठेचकाळतं, तुमची पायरी चुकते. दचकून जाग आली की छाती धडधडणारच, पण हृदयाला त्याने काही होत नाही.

"म्हणजे पायरी चुकली म्हणून अंग उडत नाही," मी म्हटलं, "अंग उडतं म्हणून पायरी चुकते?"

"बहुतेक असंच. नेमकं का होतं ते आम्हालाही पुरतं ठाऊक नाही. पण बहुतेक सगळ्यांना कधी ना कधी होतं. मलाही होतं. ही फिट नाही. याला तपासण्या नकोत, औषध नको."

"मग वाढलं का?" मुलीने विचारलं.

"झोप अपुरी, काळजी, आणि..." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "चहा किती घेता?"

मी सांगितलं. खरा आकडा नाही सांगितला, जरा कमी करूनच सांगितला, तरी मुलीने कपाळावर हात मारला. मग दुपारचं दुकान, पाठीला लावलेली उशी, सगळंच बाहेर आलं.

"वा," डॉक्टर म्हणाल्या. "झटके वाढवायचे असते तर मीदेखील हेच सांगितलं असतं. थकलेला माणूस पुन्हापुन्हा पेंगतो, पुन्हापुन्हा दचकतो. दुपारनंतर चहा बंद. दुपारी पडायचं तर थोडंच पडा. रात्री वेळेवर आडवे व्हा, बसून नाही. झटका आला तर आला म्हणायचं आणि कूस बदलायची. जीभ चावली गेली, जागेपणी झटके यायला लागले, शुद्ध हरपली, तर मात्र लगेच या. एरवी नका येऊ."

"स्कूटर?" मी विचारलं.

"या झटक्यांमुळे बंद करायची गरज नाही. पण आधी आठवडाभर झोपा. जागरण केलेल्या माणसाने चालवू नये."

मी जिंकलो होतो. हॉस्पिटलच्या पायऱ्या मी ताठ मानेने उतरलो आणि एकही चुकली नाही. रिक्षा पुलापर्यंत आल्यावर मुलगी म्हणाली, "म्हणजे आता तुम्ही येणार नाही."

"फिट म्हटलं की बॅग भरायची, असं ठरलं होतं. फिट नाहीये."

"हो. बरंच झालं." मग बाहेर बघत म्हणाली, "मला वाटलं होतं, निदान या निमित्ताने याल."

इतके दिवस मी समजत होतो की ती माझ्यावर पाळत ठेवतेय. जेवणाच्या सुट्टीत एवढ्या मोठ्या ऑफिसात एकटीच डबा खाताना तिलाही आपलं कोणीतरी डोळ्यांसमोर हवं असेल, हे माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं. मला तेव्हा तिला काहीतरी बोलायला हवं होतं. मी रिक्षावाल्याला डावीकडे घ्या म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ती गेली. जाताना स्टुलावर चढून कॅमेरा काढायला लागली. "तुम्हाला नको असतो ना? काढते." मी म्हटलं, राहू दे, भिंतीला भोकं दिसतील. ती खाली उतरली आणि तिने माझ्याकडे जरा बघितलं.

दुकान परत एक ते चार बंद व्हायला लागलं. घड्याळवाल्याने सगळ्या गल्लीला सांगितलं की शेजारी सुधारले. दुपारचा चहा बंद. रात्री वेळेवर आडवा होतो, उशी डोक्याखाली. झटके कमी झाले आहेत, अगदी गेले नाहीत. ते निरुपद्रवी आहेत हे आता ठाऊक आहे, त्यामुळे कडीची भीती मात्र पुष्कळ गेली. पण भीती गेली की तिची जागा रिकामी होते. पूर्वी दचकून उठलो की वाटायचं, मला काहीतरी झालंय. आता दचकून उठतो आणि कळतं, मला काहीही झालेलं नाही. फक्त शेजारी कोणी नाही. याला डॉक्टरांकडे औषध नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

परवा दुपारी पुन्हा पायरी चुकली. तोच जिना, तोच पोटातला खड्डा. अंग उडालं, अर्धवट जाग आली. मी डोळे उघडले नाहीत. आला तर आला, म्हटलं, आणि कूस बदलायला लागलो. तेवढ्यात वरून आवाज आला. या वेळी ती ओरडली नाही. शेजारी निजलेल्या माणसाशी बोलावं तितक्या हळू बोलली.

"काही नाही, बाबा. झोपा."

शब्द तिच्या आईचे होते. मी काही उत्तर दिलं नाही, झोपल्यासारखा पडून राहिलो, तिला बघू दिलं. आवाज आला होता, हात तेवढा यायचा राहिला होता. मग मी माझाच हात उचलला आणि छातीवर ठेवला.